मेक्सिकोतील यजमान कुटुंबाला स्पॅनिशमध्ये लिहिलेला पहिला संदेश

ऑगस्ट २०२४ पासून जून २०२५ पर्यंत मी रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून मेक्सिकोतील पुएब्ला शहरात राहिले. कागदपत्रे, व्हिसा, शाळाप्रवेश यांविषयी निघण्यापूर्वी भरपूर माहिती मिळाली होती. परंतु ज्यांच्या घरी राहायचे त्या अनोळखी कुटुंबाला त्यांच्या भाषेत पहिली ओळ काय लिहायची, याविषयी कोणीच नीट सांगितले नव्हते. म्हणून त्या एका संदेशाचीच हकिकत येथे लिहीत आहे. माझे स्पॅनिश तेव्हा अगदी प्राथमिक होते आणि ज्यांचे तसेच आहे त्यांनाच हे उपयोगी पडावे.

हा कार्यक्रम पंधरा ते एकोणीस या वयोगटातील विद्यार्थ्यांसाठी आहे. यजमान कुटुंबाला राहण्या-जेवण्याचे पैसे दिले जात नाहीत. ते आपल्याला स्वेच्छेने घरी ठेवून घेतात. विमानभाडे, विमा, व्हिसा यांचा खर्च आपल्याकडे असतो. ही गोष्ट संदेश लिहिताना सतत डोक्यात असावी लागते, कारण भाडेकरूने घरमालकाला विचारायचे प्रश्न आणि पाहुण्याने यजमानाला विचारायचे प्रश्न वेगळे असतात. पुण्यातील एका वर्गात मी ऑक्टोबर २०२३ पासून स्पॅनिश शिकत होते. अर्ज त्याच सुमारास भरला होता. अर्जासोबत यजमान कुटुंबाला उद्देशून एक मोठे पत्र आणि घरातील छायाचित्रे जोडावी लागतात. ते पत्र मी इंग्रजीतच लिहिले होते. फेब्रुवारीत मेक्सिको निश्चित झाले आणि मग गॅरंटी फॉर्मची वाट पाहणे सुरू झाले. तिकडचा क्लब, तिकडची शाळा आणि पहिले यजमान कुटुंब यांच्या संमतीच्या सह्या या फॉर्मवर असतात आणि तो हाती आल्याशिवाय व्हिसाचे काम पुढे सरकत नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. बरोबरच्या दोघांचे फॉर्म आले, माझा आला नाही. आई रोज विचारायची, बाबा मुद्दाम विचारायचे नाहीत, आणि दोन्हींचा त्रास सारखाच व्हायचा.

फॉर्म आला तो ९ मे २०२४ रोजी, गुरुवारी. त्यात कुटुंबाची बरीच माहिती होती: वडील बांधकाम क्षेत्रात, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, बारा वर्षांचा मुलगा, दुसऱ्या शहरात शिकणारी मुलगी, आणि पाळीव प्राणी या रकान्यात एक कुत्रा. खाली ईमेल आणि +५२ ने सुरू होणारा दहा अंकी मोबाइल क्रमांक होता. आमच्या क्लबच्या विनिमय अधिकाऱ्यांनी सांगितले की मेक्सिकोत घरगुती बोलणे बहुतेक व्हॉट्सॲपवरच चालते, तेव्हा ईमेल न करता तेथेच लिही, आणि आठवडाभरात लिही.

मला त्याच रात्री लिहायचे होते. आमच्या स्पॅनिशच्या मॅडमनी थांबवले. दुसऱ्या दिवशी १० मे होता आणि मेक्सिकोत मातृदिन दरवर्षी त्याच तारखेला असतो, वार कोणताही असो. त्या दिवशी शाळांमध्ये आयांसाठी कार्यक्रम होतात, हॉटेलांत जागा मिळत नाही, घरोघरी आजीकडे जमण्याची धावपळ असते. “त्यातून त्या शिक्षिका आहेत, म्हणजे शाळेतला कार्यक्रमही त्यांच्याच गळ्यात असणार. तुझा संदेश शुभेच्छांच्या ढिगात जाईल,” असे त्या म्हणाल्या. मग शनिवारी सकाळी, त्यांच्या सकाळी, पाठवायचे ठरले आणि मला मसुद्यासाठी दोन दिवस मिळाले.

पहिला मसुदा मी आधी मराठीत विचार करून केला. तो दोन पानी झाला. त्यात पुण्याचा इतिहास होता, माझे भरतनाट्यम् होते, भविष्यात काय व्हायचे ते होते. मॅडमनी तो वाचून विचारले की यातील किती वाक्ये तू उद्या फोनवर, कागद न बघता बोलू शकशील. प्रामाणिकपणे सांगायचे तर पाच-सहा. तेव्हा त्यांनी जी गोष्ट सांगितली तिच्यावर पुढचा सगळा संदेश उभा राहिला. पहिल्या संदेशावरून कुटुंब तुमच्या भाषेचा अंदाज बांधते. संदेश शिक्षकाने घासूनपुसून सुंदर केला, तर तिकडे समज होतो की मुलीला स्पॅनिश उत्तम येते. मग उत्तर लांबलचक येते, विमानतळावर सगळे एकदम भरभर बोलू लागतात, आणि आपण गप्प उभे राहिलो की ती शिष्टपणे वागते असे वाटू शकते. म्हणून मॅडम चुका दुरुस्त करणार होत्या, पण मला न येणारे एकही वाक्य घालणार नव्हत्या. भूतकाळ मला तेव्हा धड येत नव्हता, म्हणून संदेशात भूतकाळ नाही.

त्यानंतर आम्ही काय ठेवायचे ते ठरवले. अर्जातील इंग्रजी पत्र त्यांच्याकडे आधीच होते, त्यामुळे छंद, गुण, स्पर्धा हे सगळे पुन्हा सांगण्याची गरज नव्हती. नाव, आभार, भाषा किती येते, जेवणात काय चालते, आणि त्यांना सहज उत्तर देता येईल असे एक-दोन प्रश्न, एवढे पुरे होते. फोनच्या पडद्यावर दोनदा बोट फिरवून संपेल इतकी लांबी असावी, असा मॅडमचा हिशेब होता.

सुरुवातीच्या शब्दावरच आमचा बराच वेळ गेला. वर्गात औपचारिक पत्रासाठी ‘एस्तिमादा फामिलिया’, म्हणजे ‘आदरणीय कुटुंब’, असे शिकवले होते आणि मला तेच सुरक्षित वाटत होते. मॅडमच्या मते व्हॉट्सॲपवर ते बँकेच्या पत्रासारखे दिसले असते. वर्षभर ज्यांच्या घरात राहायचे त्यांना ‘केरिदा फामिलिया’, म्हणजे ‘प्रिय कुटुंब’, म्हटले तर कोणी आगाऊ समजणार नाही. संबोधनाचा प्रश्न मात्र वाटला त्याहून सोपा निघाला. आपल्याकडे जसे तू, तुम्ही, आपण, तसे स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’. अनोळखी मोठ्या माणसांना काय म्हणावे, याची मला धास्ती होती. परंतु मेक्सिकोत अनेकांना उद्देशून बोलताना ‘उस्तेदेस’ हे एकच रूप वापरतात, मग समोर मित्र असोत की आजी-आजोबा. आमच्या पुस्तकात स्पेनमधले ‘वोसोत्रोस’ होते. ते मेक्सिकोत बोलताना कोणी वापरत नाही. संदेश आई-वडील आणि मुलगा अशा सगळ्यांना एकत्र लिहिला की ‘तू की उस्तेद’ हा पेच आपोआप टळतो. एकट्या आईला लिहायचे असते, तर ‘उस्तेद’च म्हणायचे आणि त्यांनी स्वतः ‘तू’ म्हणायला सांगेपर्यंत बदलायचे नाही, असे मॅडमनी बजावले.

नावाचा भाग मराठी मुलांनी विशेष लक्ष देऊन लिहावा. आपल्याकडे पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. मेक्सिकोत बहुतेकांना दोन आडनावे असतात, सहसा पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. त्यामुळे आपले तीन शब्दी नाव तिकडचा माणूस वाचतो तेव्हा मधले, म्हणजे वडिलांचे पहिले नाव, त्याला वडिलांकडचे आडनाव वाटते आणि आपले खरे आडनाव आईकडचे वाटते. शाळेच्या यादीत, दवाखान्यात, वाचनालयाच्या कार्डावर मग आपण बाबांच्या नावानेच ओळखले जातो. शाळेत नाव नोंदवायला यजमान आईच जाणार होत्या, म्हणून माझे आडनाव कोणते आणि मधला शब्द कोणाचा हे एका वाक्यात सांगून टाकले. दुसरी अडचण उच्चाराची होती. माझे नाव इंग्रजी ‘जे’ या अक्षराने सुरू होते आणि स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला होतो. जुई नावाच्या मुलीला तेथे हुई व्हावे लागेल. मेक्सिकन उच्चारातला ‘वाय’ शब्दाच्या सुरुवातीला आपल्या ‘ज’च्या जवळ जातो, तेव्हा ‘जे’ हा ‘वाय’सारखा वाचा, एवढे कंसात लिहिले. हे चार शब्द फार कामी आले.

देशाचे नाव लिहिताना ‘मी भारताची आहे’ या अर्थाचे ‘सोय दे ला इन्दिया’ हेच लिहावे. ‘इन्दिया’ हा भारतीय स्त्रीसाठीचा एकटा शब्द मेक्सिकोत मूळ रहिवाशांना हिणवण्यासाठी वापरला जातो, म्हणून तो टाळलेला बरा. उलट तेथे कोणी आपल्याला ‘इन्दू’ म्हटले, तर बहुधा धर्माचा काही संबंध नसतो. भारतीय एवढाच त्याचा अर्थ असतो.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो जेवणाच्या परिच्छेदाने. घरात आम्ही अंडे खातो, मांस-मासे खात नाही. मी ‘सोय वेखेतारियाना’, मी शाकाहारी आहे, एवढे लिहिले होते. मॅडमच्या ओळखीची एक मुलगी पूर्वी मेक्सिकोत राहून आली होती. त्यांनी तिलाच फोन लावून दिला. तिने सांगितलेले जसेच्या तसे देते: “फक्त शाकाहारी म्हणालीस तर चिकन वाढतील. तेही नको म्हणालीस तर टुना आणि हॅम. त्यांच्याकडे ‘कार्ने’ म्हटले की डोळ्यांसमोर गाय आणि डुक्कर येते, कोंबडी वेगळी धरतात.” हा मांसाचा भाग झाला. दिसत नाही तो भाग आणखी मोठा आहे. तेथील लाल किंवा पांढरा भात अनेक घरांत कोंबडीच्या रश्शात, ‘काल्दो दे पोयो’मध्ये, शिजवतात. ‘फ्रिहोलेस’ म्हणजे राजम्यासारखा घेवडा घोटून बऱ्याचदा डुकराच्या चरबीत, ‘मान्तेका’त, परततात. तामालेस म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, त्यांच्या पिठात तीच चरबी फेसून घालतात आणि गव्हाच्या तोर्तियात, म्हणजे तेथील पोळीतही ती असू शकते. मक्याची साधी तोर्तिया मात्र मका, चुना आणि पाणी एवढ्याचीच असते.

आता प्रश्न असा की आभार मानायच्या पहिल्याच संदेशात एवढी नाटके करावीत का. बाबांचे मत होते की हे तिकडे गेल्यावर हळूहळू सांगावे. आजी म्हणाली, “अगं, त्या बाईने तुझ्यासाठी हौसेने काही रांधले आणि तू ताटावर नाही म्हणालीस, तर तिला किती लागेल! आधी सांगितलेले काय वाईट?” आजीचे पटले. फक्त नकारांची यादी झाली की ती तक्रारीसारखी वाटते, म्हणून काय खाते ते त्याच दमात लिहिले आणि मिरची आवडते हे शेवटी घातले. परदेशी पाहुण्याला तिखट झेपेल का, ही तेथील घरांना खरोखरच काळजी असते.

प्रश्न कोणते विचारावेत यावरून घरात थोडी ओढाताण झाली. आईला पोपोकातेपेतल ज्वालामुखीची धास्ती होती. पुएब्लापासून तो फार लांब नाही आणि मे २०२३ मध्ये राखेमुळे तेथील विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला होता, धोक्याची पातळीही वाढवली होती. तिला ‘सुरक्षित आहे ना’ असे विचारायचे होते. मॅडमनी तो प्रश्न विनिमय अधिकाऱ्यांकडे पाठवला आणि संदेशात त्याच ज्वालामुखीविषयी वेगळाच प्रश्न ठेवला: तुमच्या घरून तो दिसतो का? खोली वेगळी आहे का, वाय-फाय आहे का, शाळा किती लांब, असले प्रश्न काढून टाकले. पहिल्या दिवशी ते हिशेबी वाटतात आणि त्यांची उत्तरे पुढच्या महिन्याभरात न विचारताच मिळतात. व्हिसासाठी त्यांचा संपूर्ण पत्ता पिन कोडसह हवा होता, पण तोही क्लबमार्फत मागवला. कागदांची मागणी आणि ओळख एका संदेशात घालू नये, हे मला आजही योग्य वाटते. दुसरा प्रश्न कुत्र्याच्या नावाचा. तो आजीच्या तोंडी घातला, कारण तिने खरेच विचारले होते.

शब्दांचे दोन सापळे राहिले. इंग्रजीच्या सवयीने ‘मी खूप एक्सायटेड आहे’ असे लिहावेसे वाटते आणि ओठांवर येतो ‘एक्सितादा’; त्याचा अर्थ लैंगिक उत्तेजनाकडे जातो. आनंद सांगायचा तर ‘एमोसिओनादा’ म्हणावे, किंवा सरळ आभार मानावेत. दुसरा सापळा टंकलेखनाचा. वय सांगताना वर्षे या शब्दात ñ हे अक्षर येते. त्याऐवजी साधा n पडला तर त्या शब्दाचा अर्थ गुदद्वार होतो. फोनच्या सेटिंगमध्ये Español (México) हा कळफलक आधीच जोडून घ्यावा, म्हणजे ñ, ¡ आणि ¿ शोधत बसावे लागत नाही. प्रश्नाच्या सुरुवातीचे उलटे चिन्ह तरुण मुले गप्पांत गाळतात. पहिल्या संदेशात ते असलेले बरे दिसते.

शेवटी जो संदेश गेला तो असा. कुटुंबाचे आणि माझे नाव येथे गाळले आहे.

```
Querida familia ____:

¡Buenos días! Me llamo J____ (la J suena como Y),
tengo 17 años y soy de Pune, en la India.
Mi apellido es ____; mi segundo nombre es el
nombre de mi papá.

Muchas gracias por recibirme en su casa.
Estudio español desde octubre. Todavía entiendo
poco, pero quiero aprender.

Soy vegetariana: no como carne, pollo, pescado
ni mariscos. Tampoco caldo de pollo ni manteca
de cerdo. Sí como huevo, queso, frijoles, arroz
y verduras. ¡Y me gusta mucho el chile!

Vivo con mis papás, mi abuela y mi hermano.
Mi abuela pregunta: ¿cómo se llama su perro?
¿Y se ve el Popocatépetl desde su casa?

Les mando una foto de mi familia.

Un abrazo para todos,
J____
```

पहिल्या परिच्छेदात नाव, वय, गाव आणि आडनावाचा खुलासा, दुसऱ्यात आभार आणि ‘ऑक्टोबरपासून शिकते आहे, अजून थोडेच समजते, पण शिकायचे आहे’, तिसऱ्यात जेवण, चौथ्यात घरची माणसे आणि आजीचे प्रश्न. ‘थोडेच समजते’ हे वाक्य मला काढायचे होते. मॅडमनी ते हट्टाने ठेवले. मुलगा लिहिणार असेल तर ‘वेखेतारियाना’चे ‘वेखेतारियानो’ करावे लागेल. अंडे, दूध खात नसाल तर तिसऱ्या परिच्छेदात बदल करा, आणि दूध वर्ज्य असेल तर चीज आणि साय वेगळी सांगा, कारण तेथे ती कशावरही पडते. छायाचित्र आम्ही दिवाळीतले न निवडता साधे, ओट्यापाशी आजी भाकरी थापते आहे असे निवडले. भाकरी आणि तोर्तिया यांच्यावरून पुढे गप्पा रंगतील असा अंदाज होता.

मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत बंद केली, त्यामुळे पुएब्ला वर्षभर आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. ११ मे रोजी, शनिवारी, आपल्याकडच्या रात्री साडेआठला मी संदेश पाठवला तेव्हा तेथे सकाळचे नऊ वाजले होते, म्हणून ‘बुएनोस दियास’. आपल्या घड्याळाप्रमाणे शुभ रात्री म्हणू नये, हे सांगायला नको, पण घाईत सुचते तेच.

लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. आणि मग काही नाही. शनिवार गेला, रविवार गेला. मी संदेश इतक्या वेळा उघडून वाचला की तो मला पाठ झाला आणि प्रत्येक वाचनात जेवणाचा परिच्छेद अधिकच उद्धट वाटू लागला. रविवारी आपल्याकडे मातृदिनाच्या शुभेच्छा फिरत होत्या, तेव्हा त्या निमित्ताने आणखी एक ओळ पाठवावी असा मोह झाला. पण तिकडचा दिवस शुक्रवारीच होऊन गेला होता. विनिमय अधिकाऱ्यांनी सांगितले की आठवडाभर काहीही करायचे नाही आणि त्यानंतरही उत्तर आले नाही तर कुटुंबाला नव्हे, अधिकाऱ्यांना कळवायचे. ते तिकडच्या क्लबला विचारतील. कोणी नवा अर्ज करत असेल तर हा नियम आधीच समजून घ्यावा. आठवण करून देणारा दुसरा संदेश पाठवला की यजमानांना अपराधी वाटते आणि सुरुवातच अवघडते.

उत्तर मंगळवारी, १४ मे रोजी, सकाळी साडेसातला आले; तेथे सोमवारची रात्र होती. आईंनी चार ओळी लिहिल्या होत्या आणि खाली एक ध्वनिसंदेश होता, दोन मिनिटांहून लांब, ज्यात चौघे एकाआड एक बोलत होते आणि मागे कुत्रा भुंकत होता. उशीर का झाला तेही कळले. मुलगी शनिवार-रविवारी घरी येणार होती आणि तिच्यासकट सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचे ठरवले होते. मेक्सिकन माणसे लिहिण्यापेक्षा बोलून पाठवणे पसंत करतात, याची तयारी ठेवा. व्हॉट्सॲपवर आवाज दीडपट, दुप्पट वेगवान करता येतो, संथ करता येत नाही. मॅडमनी मला तो तेथेच बसून ऐकायला लावला आणि पहिल्या खेपेला फक्त नावे, दुसऱ्या खेपेला फक्त आकडे आणि खाद्यपदार्थ टिपायला सांगितले. एवढ्यावर निम्मे समजले. उरलेल्यासाठी ‘कृपया हे लिहून पाठवाल का’ असे नम्रपणे विचारता येते, आणि ‘थोडेच समजते’ असे आधी सांगून ठेवलेले असल्याने त्यात ओशाळण्यासारखे काही राहत नाही. मुलाने त्याच संध्याकाळी सगळे टाइप करून पाठवले.

ज्वालामुखी त्यांच्या गच्चीवरून दिसत होता. कुत्र्याचे नाव कळले आणि आजीचे समाधान झाले. बाबांसाठी एक खुलासा करावा लागला. संदेशात ‘तुझ्या घरी तुझी वाट पाहतो आहोत’ अशा अर्थाचे वाक्य होते, आणि ते सगळे पुण्याला येणार आहेत असे बाबांना वाटले. तेथे स्वतःच्या घराला पाहुण्याचे घर म्हणण्याची रीत आहे. जेवणाविषयी आईंचे दोनच प्रश्न होते: टुना चालेल का, आणि हॅम? फोनवरच्या मुलीने वर्तवलेले भविष्य अक्षरशः खरे ठरले. मी लिहिले, “नाही, तेही नाही. विचारल्याबद्दल खूप आभार.” त्यावर त्यांनी कळवले की फ्रिहोलेस तेलात परतता येतात, काही अडचण नाही, आणि भातासाठी टोमॅटो आहेतच. पुढे ऑगस्टमध्ये मी पोहोचले तेव्हा पुएब्लात चिलेस एन नोगादाचा हंगाम सुरू होता. मोठ्या मिरचीत खिमा आणि फळे भरून वर अक्रोडाचा पांढरा सॉस आणि डाळिंबाचे दाणे घालतात. माझ्यासाठी त्यांनी खिम्याऐवजी भाज्या आणि फळे भरून एक मिरची वेगळी केली होती आणि ओळखू यावी म्हणून तिच्या देठाला दोरा बांधला होता.

मधल्या काळात व्हिसा झाला. तात्पुरत्या रहिवासी विद्यार्थ्याचा हा व्हिसा दिल्लीतील दूतावासात मिळतो. मी अठरा वर्षांची नसल्याने आई-बाबा दोघांनाही सोबत जावे लागले आणि शुल्क पन्नास-पंचावन्न अमेरिकी डॉलरच्या घरात होते, त्याहून किती तरी जास्त खर्च तिघांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा झाला. मुलाखतीत कोणाकडे राहणार, त्यांच्याशी बोलणे झाले आहे का, असे विचारले तेव्हा मला अडखळावे लागले नाही. पोहोचल्यावर तीस दिवसांच्या आत तेथील स्थलांतर कार्यालयात व्हिसाच्या बदल्यात रहिवासी कार्ड करून घ्यावे लागते. तेथील खिडकीवर नाव लिहून घेताना बाबांचे नाव आडनावाच्या रकान्यात जाऊ लागले, तेव्हा माझ्याआधी यजमान आईच म्हणाल्या, “नाही, नाही, ते हिच्या बाबांचे नाव आहे.”

रोटरीत सहसा वर्षभरात एकाहून अधिक कुटुंबांकडे राहावे लागते. जानेवारीत मी दुसऱ्या घरी जाणार होते आणि त्यांना डिसेंबरात संदेश लिहिला, या वेळी कोणालाही न दाखवता. रचना तीच ठेवली. भाषा किती येते त्या ओळीत आता भूतकाळ आला, पहिल्या कुटुंबाचे कौतुक मोजकेच ठेवले म्हणजे नव्या घराला तुलना वाटू नये, आणि जेवणाच्या परिच्छेदात टुना, हॅम आणि जिलेटिन हे तीन शब्द वाढवले. जिलेटिन प्राण्यांपासून करतात आणि तेथे वाढदिवसाला ते रंगीबेरंगी जेलीच्या रूपाने हमखास पुढे येते. दुसऱ्या घरच्या आईंचे उत्तर वीस मिनिटांत आले. त्यांनी फक्त एवढेच विचारले होते की कोळंबीही चालत नसेल ना.